सर्दीच्या गोळीने गेलेलं सुवर्णपदक आणि मुलांना औषध देणारे आपण

शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम आणि सर्दी-खोकल्याचा हंगाम जवळपास एकत्रच येतो. संघ घेऊन बाहेरगावी गेलेल्या प्रत्येक शिक्षकाच्या पिशवीत पट्टी, मलम आणि सर्दीच्या गोळ्यांची एक स्ट्रिप असतेच. गेल्या हिवाळ्यात आमच्याही पिशवीत होती. सामन्याच्या सकाळी एका मुलीचं नाक गच्च बंद झालं होतं. आम्ही तिला एक गोळी दिली, वर गरम पाणी प्यायला सांगितलं आणि विसरून गेलो. परत येताना बसमध्ये सहज स्ट्रिप उलटून वाचली तेव्हा त्यावर एक नाव दिसलं: स्यूडोएफेड्रिन. त्या स्पर्धेत कुणाची डोप चाचणी नव्हती, म्हणून काही बिघडलं नाही. पण ही मुलगी उद्या राज्याकडून राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि तिथे असंच घडलं तर काय होईल, हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या मनात आहे.

डोपिंगच्या जागतिक आकडेवारीत भारताचं नाव सध्या वारंवार वरच्या रांगेत येतं. त्यात मुख्य वाटा स्टेरॉइडसारख्या औषधांचा आहे, सर्दीच्या गोळ्यांचा नाही. पण स्टेरॉइडचं इंजेक्शन कुणी अजाणतेपणी घेत नाही. सर्दीची गोळी मात्र घरातलं कुणीही हातावर ठेवतं.

सिडनीत काय झालं?

२००० सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये रुमानियाची सोळा वर्षांची अँड्रिया रादुकान हिने २१ सप्टेंबरला जिम्नॅस्टिक्सच्या वैयक्तिक सर्वसाधारण प्रकारात सुवर्णपदक जिंकलं. १९७६ मध्ये नादिया कोमानेचीने मिळवलेलं हे पदक त्यानंतर रुमानियाला पहिल्यांदाच मिळत होतं. अँड्रियाला सर्दी होती. संघाचे डॉक्टर योआकिम ओआना यांनी तिला ‘नुरोफेन कोल्ड अँड फ्लू’ या गोळ्या दिल्या होत्या. दुकानात सहज मिळणाऱ्या या गोळीत आयबुप्रोफेनसोबत ३० मिलिग्रॅम स्यूडोएफेड्रिन असायचं. अंतिम फेरीनंतरच्या लघवीच्या नमुन्यात ते सापडलं आणि २६ सप्टेंबरला पदक काढून घेण्यात आलं. ते तिचीच सहकारी सिमोना अमनार हिच्याकडे गेलं.

अँड्रियाने क्रीडा लवादाकडे दाद मागितली. ती लहान आहे, तिचं वजन जेमतेम ३७ किलो आहे, गोळी डॉक्टरांनीच दिली, असं सगळं मांडून झालं. २८ सप्टेंबरला लवादाने अपील फेटाळलं. तिने फसवणूक केली असं कुणीच म्हटलं नाही. पण नियम असा की खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, मग ते कुणीही आणि कोणत्याही हेतूने दिलेलं असो. सांघिक सुवर्ण आणि व्हॉल्टचं रौप्य तिच्याकडे राहिलं, कारण त्या चाचण्या स्वच्छ निघाल्या होत्या. डॉक्टरांवर पुढच्या दोन ऑलिंपिकसाठी बंदी आली. म्हणजे औषध देणाऱ्याला शिक्षा झाली, पण पदक गेलं ते घेणाऱ्या मुलीचं.

नाक उघडणारं औषध उत्तेजक कसं?

एफेड्रिन हे मूळचं वनस्पतीतून मिळालेलं द्रव्य. १८८५ मध्ये नागाई नागायोशी या जपानी शास्त्रज्ञाने ते ‘मा हुआंग’ या चिनी औषधी झुडपातून वेगळं काढलं. आपल्याकडे आयुर्वेदात सोमलता या नावाने वापरली जाणारी हिमालयातली वनस्पती त्याच कुळातली. स्यूडोएफेड्रिन हा एफेड्रिनचा जुळा भाऊ म्हणा. दोघांमधले अणू तेच आणि तेवढेच, फक्त रेणूतली त्यांची मांडणी एका ठिकाणी उलटी.

सर्दीत नाक बंद होतं ते फक्त शेंबडाने नाही. नाकाच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात आणि वाट अडवतात. ही औषधं मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेलं नॉरअॅड्रेनालिन बाहेर काढतात. त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि नाक मोकळं होतं. पण गोळी पोटातून रक्तात जाते, रक्त सगळीकडे फिरतं आणि नॉरअॅड्रेनालिन फक्त नाकापुरतं सुटत नाही. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, काहींचे हात थरथरतात, झोप उडते. एफेड्रिन मेंदूपर्यंत जास्त पोहोचतं आणि हृदयावर थेटही काम करतं, म्हणून ते जास्त जोरकस. स्यूडोएफेड्रिन तुलनेने सौम्य.

मग याने खेळ खरंच सुधारतो का? सर्दीसाठी घेतात तेवढ्या एका गोळीने फारसा फरक पडत नाही. पण १५०० मीटर धावण्याच्या एका प्रयोगात दर किलो वजनामागे अडीच मिलिग्रॅम स्यूडोएफेड्रिन दिलं तेव्हा वेळ सुमारे दोन टक्क्यांनी सुधारली. साठ किलोच्या माणसाला हा डोस दीडशे मिलिग्रॅम होतो, म्हणजे ६० मिलिग्रॅमच्या अडीच गोळ्या एकदम. शर्यतीत दोन टक्के हा पदकाचा फरक असतो. म्हणून नियम करणाऱ्यांपुढचा पेच खरा आहे: सर्दीवाल्याला सोडायचं आणि मूठभर गोळ्या गिळणाऱ्याला पकडायचं, तेही एकाच चाचणीत.

मर्यादेचा हिशेब

यावर काढलेला तोडगा म्हणजे लघवीतल्या प्रमाणाची मर्यादा. सिडनीच्या वेळी स्यूडोएफेड्रिनसाठी ती दर मिलिलिटरला २५ मायक्रोग्रॅम होती. २००४ मध्ये जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे ‘वाडा’ने, हे औषध बंदीच्या यादीतून काढून नुसत्या देखरेखीखाली ठेवलं. पुढच्या वर्षांत नमुन्यांमध्ये त्याचं जास्त प्रमाण वाढत्या संख्येने दिसू लागलं, म्हणून २०१० पासून ते पुन्हा यादीत आलं. या वेळी मर्यादा १५० ठेवली. एफेड्रिनची मर्यादा आजही फक्त १० आहे.

आता हा हिशेब वर्गातल्या फळ्यावर मांडून पाहू. दर मिलिलिटरला एक मायक्रोग्रॅम म्हणजे दर लिटरला एक मिलिग्रॅम. स्यूडोएफेड्रिनचा मोठा भाग जसाच्या तसा लघवीतून बाहेर पडतो. तो ऐंशी टक्के धरू. तीस मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या घेतल्या तर ४८ मिलिग्रॅम बाहेर पडेल. दिवसभरात दीड लिटर लघवी झाली तर सरासरी प्रमाण ३२ येतं. म्हणजे सर्दीच्या दोन साध्या गोळ्या जुन्या २५ च्या मर्यादेला सहज ओलांडत होत्या. आजच्या १५० च्या नियमात त्याच दोन गोळ्या बहुधा निभावून जातील.

पण थांबा. साठ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून चार वेळा, म्हणजे २४० मिलिग्रॅम, हा प्रौढांचा पूर्ण डोस आहे. त्यातले १९२ मिलिग्रॅम दीड लिटरमध्ये विरघळले तर प्रमाण १२८ होतं, मर्यादेच्या अगदी जवळ. आणि खेळाडू घाम गाळतो, सामन्याआधी पाणी कमी पितो. त्याची लघवी एक लिटरच झाली तर तेच प्रमाण १९२. डोस डॉक्टरांनी सांगितलेला, एक गोळीही जास्त नाही, तरी चाचणी सदोष! हा ढोबळ हिशेब आहे. प्रत्यक्षात औषध तासातासाला सारखं बाहेर पडत नाही आणि लघवी आम्लधर्मी असेल तर ते लवकर निघतं, नसेल तर रेंगाळतं. पण मुद्दा लक्षात यावा: मर्यादा लघवीतल्या प्रमाणावर आहे, आणि किती गोळ्या घेतल्या यावरून ते प्रमाण नेमकं सांगता येत नाही.

२०१४ च्या सोची हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्वीडनचा आइस हॉकीपटू निकलस बॅकस्ट्रॉम याच्या नमुन्यात १९० प्रमाण निघालं. अॅलर्जीसाठी तो कित्येक वर्षं स्यूडोएफेड्रिन असलेली गोळी घेत होता आणि संघाच्या डॉक्टरांनी हरकत नाही म्हणून सांगितलं होतं. अंतिम सामन्याच्या सुमारे अडीच तास आधी त्याला बाहेर काढलं गेलं. रौप्यपदक त्याला नंतर मिळालं आणि प्रकरण शेवटी समज देऊन मिटलं, पण तो अंतिम सामना काही परत आला नाही.

मग पिशवीत काय ठेवायचं?

ही दोन्ही औषधं फक्त स्पर्धेच्या काळात निषिद्ध आहेत. हा काळ साधारणपणे सामन्याच्या आदल्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी सुरू होतो. पण रात्री दहाला घेतलेली गोळी सकाळी शरीरातच असते. म्हणून स्यूडोएफेड्रिन सामन्याच्या किमान चोवीस तास आधी बंद करावं, आणि हळूहळू विरघळणारी बारा किंवा चोवीस तासांची गोळी असेल तर त्याहून आधी. चार दिवसांच्या स्पर्धेत रोज संध्याकाळी गोळी घेऊन रोज सकाळी खेळणं सर्वांत धोक्याचं. एफेड्रिनच्या बाबतीत तर मर्यादा इतकी खाली आहे की त्याच्या जवळपासही जाऊ नये.

स्ट्रिपवर ब्रँडचं नाव मोठं आणि घटकांची नावं बारीक असतात. ती बारीक नावंच वाचायची. फिनाइलएफ्रिन आणि स्यूडोएफेड्रिन कानाला सारखी वाटतात, पण फिनाइलएफ्रिनवर बंदी नाही. सेटिरिझिन किंवा फेक्सोफेनाडिनच्या साध्या गोळीतही अडचण नाही, पण त्याच नावापुढे ‘डी’ किंवा ‘प्लस’ असं काही लागलं की आत काय मिसळलंय ते पाहायलाच हवं. नाकात मारायचे झायलोमेटाझोलिनचे फवारे चालतात, मिठाच्या पाण्याचे थेंब आणि वाफ तर निर्धास्त. ‘आयुर्वेदिक आहे, नुकसान नाही’ म्हणून दिलेल्या सिरपमध्ये सोमलता असेल तर त्यात एफेड्रिन असू शकतं. शंका आली तर राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे ‘नाडा’च्या, ‘नो युअर मेडिसिन’ अॅपवर औषधाचं नाव टाकून पाहता येतं. आजारामुळे औषध टाळताच येत नसेल तर डॉक्टरांच्या कागदपत्रांसह वैद्यकीय सवलतीचा अर्ज करायची सोय आहे, पण तो सामन्याच्या सकाळी होत नाही.

नजला-जुकाम झालेल्या लेकराला तसंच कुढत ठेवा असं आमचं म्हणणं नाही. नियम कडक आहे आणि सिडनीत तो एका सोळा वर्षांच्या मुलीवर निष्ठुरपणे लागू झाला, असंच आम्हाला वाटतं. पण मर्यादा सैल झाली तरी जबाबदारीचा नियम आजही तोच आहे. अँड्रियाने गोळी मागितली नव्हती, मोठ्या माणसावर विश्वास ठेवला होता. आमच्या मुलीनेही तेच केलं. आता आमच्या पिशवीत मिठाच्या पाण्याचे थेंब आहेत, आणि कोणतीही स्ट्रिप पिशवीत टाकण्याआधी उलटून वाचली जाते.