'पर्यावरणपूरक' मूर्ती कशाची?

परिसंवादासाठी हरित उद्योगावर निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही सुचवू की नागरवाड्यात घरोघरी येणाऱ्या गणेशमूर्तीपासूनच सुरुवात करावी. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तीला नैसर्गिक रंग दिला, की तीही 'पर्यावरणपूरक' म्हणून खपते. रंगाबद्दलचे म्हणणे खरे असते, पण मूर्तीबद्दलचे नाही. घरच्या बादलीत शाडूची लहान मूर्ती काही तासांत विरघळते, प्लास्टरची मात्र कित्येक दिवस तशीच राहते. शाडू जड, नाजूक आणि महाग, म्हणून विक्रेत्याला मोह होतो. केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असा मोघम दावा पुराव्याशिवाय करता येत नाही. आमच्या मते विसर्जनानंतरचा गाळ परत घेऊन, चाळून पुन्हा मळणाऱ्या मूर्तिकाराचा धंदा खरा हरित. अर्थात तैलरंग लावलेली माती त्यालाही चालत नाही.