नारळपाणी आणि खोटी सही
या आठवड्यात तो निरोप पुन्हा आला, ‘गरम नारळपाणी कर्करोगाच्या पेशी मारतं – डॉ. राजेंद्र बडवे, टाटा रुग्णालय’, आणि खाली मावशीचा एकच प्रश्न: ‘खरं आहे का?’ यात दोन दावे आहेत आणि ते वेगळे करूनच तपासायला हवेत. हे म्हणालं कोण? बडवे असं म्हणालेले नाहीत, असा खुलासा टाटा रुग्णालयानेच २०१९ मध्ये केला होता. शोधलं की लगेच सापडतो. आणि पेशी मेल्या कुठे, प्रयोगशाळेतल्या बशीत की माणसाच्या शरीरात? निरोपात ना अभ्यासाचं नाव, ना रुग्णांची संख्या. तपासायला धागाच ठेवलेला नाही. हाच मजकूर लिंबाच्या नावानेही फिरतो. मावशीला कळवलं: सही खोटी आहे, पुरावा दिलेला नाही, तुझ्या पथ्याचं तुझ्या डॉक्टरांना विचार.