साठ मिनिटांच्या तासाला ११२ मिनिटं हजेरी

सायरनच्या दिवसांत आमचा हिब्रूचा वर्ग झूमवर गेला, आणि हजेरीची नोंद माझ्याकडे आली. तास ६० मिनिटांचा, पण एका बाईंच्या नावापुढे ११२ मिनिटं! आत-बाहेरच्या वेळा पाहिल्या: एक नोंद ७:०२ ते ८:००, दुसरी ७:०६ ते ८:००. म्हणजे ५४ मिनिटं एकाच लॉगिनवर दोन यंत्रं. नेट तुटलं असतं तर पहिली नोंद संपल्यावर दुसरी सुरू झाली असती. फार तर थोडा वेळ दोन्ही एकदम दिसल्या असत्या. दोन्ही ८:०० लाच बंद झाल्या, त्यात मात्र काही नाही, होस्टने मीटिंग संपवली की सगळेच बाहेर.

बाई म्हणाल्या, "फोनवर ऐकते, लॅपटॉपवर बघते." असंही असतं, आणि नोंदीत यंत्र दिसतं, माणूस नाही. पुढच्या तासाला कॅमेरे लावायला सांगितले. फोनवर त्यांची भावजय होती, फी न भरलेली.