अठ्ठ्याहत्तर पैशांची कसर

रेवदंड्याच्या एका कंत्राटदाराने अलिबागच्या हार्डवेअर दुकानातून पी.व्ही.सी. पाइपचे 144 एल्बो मागवले, असे समजू. भाव ठरला नगाला 10 रुपये, करासह. कंत्राटदाराने 1440 रुपये पाठवून दिले. दुकानातील संगणकाने मात्र 1439 रुपये 22 पैशांचे बिल काढले आणि तळाशी 22 पैसे वजा करून ते 1439 वर आणले. एका रुपयासाठी कोणी वाद घालत नाही. परंतु अशी बिले साठत गेली की वर्षाअखेरीस दोघांची खाती जुळत नाहीत, आणि चूक कोणाची हा प्रश्न उभा राहतो.

या उदाहरणात लबाडी कोणाचीच नाही. एल्बोवर 18 टक्के जीएसटी आहे. कर 10 रुपयांतच असल्यामुळे मूळ किंमत काढण्यासाठी 10 ला 1.18 ने भागावे लागते. उत्तर येते 8.4746 रुपये, पुढे अपूर्णांक चालूच राहतो. संगणकाने तो दोन दशांशांवर छाटून नगाचा दर 8.47 धरला. प्रत्येक नगामागे जेमतेम अर्धा पैसा गळाला. त्या दराला 144 ने गुणल्यावर 1219.68 रुपये झाले. त्यावर केंद्राचा कर 109.77 आणि राज्याचा कर 109.77. बेरीज 1439.22. गळालेल्या अर्ध्या पैशाला आधी 144 ने गुणले गेले, वर त्यावरचा करही कमी झाला, आणि 78 पैशांची कसर पडली.

हाच हिशेब उलट्या क्रमाने केला तर कसर पडत नाही. आधी पूर्ण ओळीची रक्कम, म्हणजे 1440, घ्यावी आणि तिला 1.18 ने भागावे. मूळ किंमत 1220.34 येते, दोन्ही कर प्रत्येकी 109.83, आणि बेरीज बरोबर 1440. करासह रकमेतून कर वेगळा काढण्याचे सूत्र केंद्रीय वस्तू व सेवा कर नियमावली, 2017 च्या नियम 35 मध्ये दिलेले आहे: रकमेला कराच्या दराने गुणावे आणि शंभर अधिक दर, म्हणजे येथे 118 ने, भागावे. गोलाई शेवटी करावी, नगाच्या दरावर नव्हे. ज्यांना दर लिहिणे भागच आहे त्यांनी संगणकात चार दशांश ठेवावेत.

तरीही एखादा पैसा हटवादीपणे उरतो. एकच एल्बो विकला तर मूळ किंमत 8.47 आणि कराचे दोन भाग 0.76 व 0.76, बेरीज 9.99. एकूण कर 1.53 असला तरी त्याचे दोन समान भाग पैशांत होत नाहीत. करावेगळ्या भावाच्या बिलातही हे घडते. 62.50 रुपयांच्या दहा ओळी असल्या आणि प्रत्येक ओळीचा 9 टक्के कर गोल केला, तर 5.63 प्रमाणे 56.30 होतात, एकूण 625 रुपयांवर एकदाच काढला तर 56.25. दोन्ही करांत मिळून दहा पैशांचा फरक.

फरक केवळ गोलाईचा आहे की खरी चूक आहे, हे ओळखता येते. नगाच्या दरात गोलाईने अर्ध्या पैशाहून अधिक फरक पडू शकत नाही. 144 नगांना 72 पैसे, त्यावर कर धरून सुमारे 85 पैसे. आपले 78 पैसे त्या मर्यादेत बसतात. मात्र बिल 1699.20 चे आले, तर दुकानदाराने 10 रुपये करावेगळे धरले असे समजावे. ते 1393.34 चे आले, तर त्याने 1440 मधून सरळ 18 टक्के वजा करून 1180.80 ही मूळ किंमत मानली आहे. ही चूक अनुभवी पेढ्यांवरही आढळते, आणि येथे तिने 46.66 रुपयांचे नुकसान होते. म्हणून ऑर्डर फोनवर असो वा व्हॉट्सॲपवर, भावापुढे ‘करासह’ किंवा ‘कर वेगळा’ हे दोन शब्द लिहून घ्यावेत.

उरलेली कसर खतावणीत कोठे घालायची, हाही प्रश्न असतो. तिची जागा वटाव-कसर खाते, ज्याला आता संगणकात ‘राउंड ऑफ’ म्हणतात. कराच्या खात्यात ती कधीही मिळवू नये. कंत्राटदार नोंदणीकृत असेल, तर त्याने स्वतःच्या हिशेबाचे 109.83 नव्हे, तर बिलावर छापलेले 109.77 हेच वहीत घ्यावेत. कारण दुकानदाराने विवरणपत्रात तेच भरलेले असणार आणि GSTR-2B मध्ये तेच दिसणार. कलम 170 देय कर जवळच्या पूर्ण रुपयात आणायला सांगते, पण त्याचा आधार घेऊन प्रत्येक बिलातील कर रुपयात बसवणे योग्य नव्हे. आणि कंत्राटदाराने जास्त पाठवलेला तो एक रुपया त्याच्या खात्यावर जमा राहतो, पुढच्या बिलात वळता होईपर्यंत.