तत्त्व एकच, गोळ्या दोन

आमचे साडू अण्णासाहेब अद्वैतवादी आहेत; निदान औषधांच्या बाबतीत. "ॲस्पिरीन म्हणजे ॲस्पिरीन हो! बारीक काय अन् मोठी काय, तत्त्व एकच!"

हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवल्यापासून त्यांना रोज ७५ मिलिग्रॅमची बारीक गोळी आहे. एकदा त्यांचं डोकं दुखायला लागलं. "पंचाहत्तर चोक तीनशे" असा पाढा म्हणत त्यांनी चार बारीक गोळ्या गिळल्या. हिशेब चोख होता, पण डोकं ठणकतच राहिलं. कारण त्या गोळीवर आवरण असतं. ते जठरातल्या आम्लात विरघळत नाही, पुढे आतड्यात गेल्यावर विरघळतं. म्हणजे औषध अंगात उतरायला काही तास. डोकेदुखीची गोळी मात्र उघडीवाघडी, पाण्यात टाकली की विरघळणारी. अण्णांनी निष्कर्ष काढला, की बारीक गोळ्या बनावट आहेत!

इथवर हसण्यासारखं होतं. पुढे बारीक गोळ्या संपल्या आणि घरात डोकेदुखीची पट्टी सापडली. अण्णा रोज त्यातली एक घेऊ लागले. ही ३५० मिलिग्रॅमची. साडेचार पटींहून जास्त. "जास्त गेली तर रक्त जास्त पातळ, फायदाच की!"

फायदा कसला? रक्त गोठवणाऱ्या बिंबिका एकदा ॲस्पिरीनने निकामी झाल्या की आठ-दहा दिवसांच्या आयुष्यात पुन्हा कामाला लागत नाहीत. रोज नव्या जन्मतात, त्यांच्यापुरती बारीक गोळी पुरते. मेलेल्याला आणखी मारून काय मिळणार? वरचा सगळा मारा बसतो जठराच्या अस्तरावर. (आवरण म्हणजे चिलखत, असंही समजू नका. औषध रक्तातूनही त्या अस्तराचं संरक्षण कमी करतंच. म्हणून तर मात्रा बारीक ठेवायची.) पंधरा दिवसांनी अण्णांना डांबरासारखी काळी शौचाला झाली. चक्कर येऊन ते न्हाणीघराच्या दारातच बसले. पोटात रक्तस्राव! रक्ताच्या दोन पिशव्या चढवाव्या लागल्या.

दोष एकट्या अण्णांचा नाही. माझं खरं भांडण आहे औषधाच्या दुकानातल्या कात्रीशी. पाच गोळ्या मागितल्या की दुकानदार पट्टी सपकन कापतो. मिलिग्रॅमचा आकडा, आवरणाचा उल्लेख आणि मुदतीची तारीख राहते त्याच्याकडे, आणि आपल्या हाती नुसती चांदी! घरी सापडलेला तो तुकडा असाच मुका होता. छापील बाजू गिऱ्हाईकाला द्यायला काय मोल पडतं?

आता अण्णा भिंग घेऊन दुकानात जातात. परवा मीही बरोबर होतो. "अख्खी पट्टी द्या. आवरणाची, ७५ची," ते म्हणाले. दुकानदाराने १५०ची पुढे सरकवली आणि म्हणाला, "घ्या हो आजोबा, औषध तेच आहे!"