शाळेच्या वाटेवरची गुणगुण

जूनच्या मध्यावर राज्यातल्या बहुतेक शाळा उघडतात आणि सकाळी रस्त्यांवर नवी दप्तरे दिसू लागतात. त्यांतली काही मुले उड्या मारत जातात, तर काही आईच्या ओढणीचे टोक मुठीत धरून एकेक पाऊल मोजत चालतात. या दुसऱ्या प्रकारच्या मुलांना वाटेत जे ऐकवले जाते ते जवळजवळ सगळीकडे सारखेच असते: ‘घाबरायचे नाही’, ‘तू शूर ना?’, ‘बाईंना नाव नीट सांग हं’. सल्ला प्रेमाचाच असतो, पण त्याचा परिणाम उलटा होतो. त्याऐवजी वाटेवर एखादी ओळखीची चाल तोंड मिटून गुणगुणली, तर अधिक साधते. याचे कारण भावनेत कमी आणि श्वासात जास्त आहे.

बुजरेपणा हा हट्ट किंवा लाडावलेपण नव्हे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी अनेक वर्षे मुलांचा पाठपुरावा करून दाखवले की काही बाळे चौथ्या महिन्यातच अनोळखी आवाज, वास किंवा वस्तू समोर आल्या की हातपाय जोरात झाडतात आणि रडतात. साधारण पाचातले एक बाळ असे असते. पुढे यांतली बरीच मुले नव्या माणसांसमोर गप्प आणि सावध राहतात, सगळी मात्र नाही. म्हणजे अनोळखी गोष्टीला शरीराने दिलेला हा जोरकस प्रतिसाद आहे. छाती धडधडते, श्वास वर वर आणि भराभर होतो, पोटात गोळा येतो. अशा वेळी मुलाला प्रश्न विचारणे किंवा धीराचे भाषण देणे म्हणजे त्याच्याकडून उत्तराची अपेक्षा करणे. नेमके बोलणेच तर त्याला त्या क्षणी जड जात असते.

गुणगुणण्यात उत्तर द्यावे लागत नाही. ओठ मिटलेले, शब्द नाहीत, चुकण्यासारखे काही नाही. मूल सामील झाले तर ठीक, नाही झाले तरी चाल त्याच्या कानावर पडत राहते. आणि सामील झालेच, तर त्याचा उच्छ्वास आपोआप लांबतो. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात आणि सोडताना मंदावतात. हे काम मुख्यतः व्हेगस नावाची मज्जातंतू करते. मेंदूच्या बुडापासून निघून ती गळ्यातून हृदयापर्यंत आणि पुढे पोटापर्यंत जाते. श्वास सोडण्याचा वेळ घेण्याच्या वेळेपेक्षा जास्त ठेवला की हृदयाला मंदावण्याची संधी अधिक मिळते. लहान मुलाला ‘दीर्घ श्वास घे’ म्हटले की ते खांदे उचलून मोठा श्वास घेते आणि तो तसाच रोखून धरते. गाण्याची ओळ मात्र हवा हळूहळू सोडल्याशिवाय गुणगुणताच येत नाही.

एक उदाहरण घेऊ. बदलीमुळे नव्या गावात आलेली सहा वर्षांची एक मुलगी आहे. तिला पहिलीत घातले आहे आणि घरापासून शाळा बारा मिनिटांच्या चालीवर आहे. या वयाचे मूल शांत बसलेले असताना मिनिटाला साधारण २० श्वास घेते, म्हणजे एका श्वासाला तीन सेकंद. चालताना आणि धास्तीने हा आकडा वाढतो. मराठी बालगीतांतली बरीचशी केरव्यात, म्हणजे आठ मात्रांच्या ठेक्यात बसतात. मुलीच्या रमतगमत पावलांवर एकेक मात्रा धरली, तर आठ पावलांची एक ओळ सुमारे चार सेकंद चालते. पुढच्या तीन-चार पावलांत नाकाने श्वास घ्यायचा आणि दुसरी ओळ धरायची. एवढी लांब ओळ जड गेली, तर चार पावलांची अर्धी ओळ आणि दोन पावले श्वास. तेही पुरते, कारण सोडणे घेण्याच्या दुप्पट झाले. बारा मिनिटे सलग गुणगुणण्याची गरज नाही. घरातून निघताना चार ओळी, मग नेहमीसारखे चालणे, पाणीपुरीची बंद गाडी किंवा भिजलेले मांजर पाहणे, आणि वळण आले की पुन्हा चार ओळी, इतके पुष्कळ झाले.

चाल निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, ती मुलीला आधीपासून पाठ असावी. नवी चाल त्या दिवशी शिकवणे म्हणजे आणखी एक अनोळखी गोष्ट तिच्यापुढे ठेवणे. शाळा उघडण्याआधीच्या आठवड्यात केस विंचरताना, भाजी निवडताना, त्याच रस्त्याने संध्याकाळी फेरफटका मारताना ती चाल गुणगुणून ठेवावी, म्हणजे ‘भीती वाटते तेव्हाचे गाणे’ असा शिक्का तिच्यावर बसत नाही. दुसरी, उड्या कमी आणि टप्पे जवळचे असावेत. अंगाईची किंवा साध्या बडबडगीताची चाल चालते. वरच्या स्वरांत झेप घेणारे चित्रपटगीत तोंड मिटून गाताना घसा आवळतो. तिसरी, पट्टी मुलीची असावी. बाबांच्या खालच्या आवाजात तिला सूर सापडत नाही, म्हणून सुरुवात तिने करावी आणि मोठ्याने तिच्यामागे जावे.

शब्द नसण्याचा एक वेगळा फायदाही आहे. मंगेश पाडगावकरांचे ‘सांग सांग भोलानाथ’ घराघरांत पाठ असते, पण त्यातले मूल पावसाने शाळेला सुट्टी मिळेल का असे विचारत असते. शाळेच्या पहिल्याच दिवशी ते शब्द नेमके नको तिथे बोट ठेवतील, चाल मात्र बिनदिक्कत चालेल. घरी अहिराणी, गोंडी किंवा कोकणी बोलणाऱ्या मुलाला नव्या शाळेतल्या भाषेचेही दडपण असते. गुणगुणताना उच्चार चुकण्याचा प्रश्नच येत नाही.

हे कुठे बिघडते तेही पाहायला हवे. जूनमध्ये अर्ध्या मुलांची नाके वाहत असतात आणि नाक बंद असेल तर तोंड मिटून गुणगुणताच येत नाही. मग ओठांचा चंबू करून हलका ‘ऊ’ काढावा किंवा तळहातावर बोटाने नुसता ठेका धरावा. मूल जोर लावून लांबच लांब सूर ओढू लागले, त्याला गरगरले किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर थांबून त्याला नेहमीसारखा श्वास घेऊ द्यावा. खांदे कानाशी गेलेले असतील आणि ओळीच्या मध्येच मूल हवा गिळत असेल, तर ओळ लांब झाली आहे असे समजावे. खांदे खाली आले, मुठीतली ओढणी थोडी सैल झाली किंवा मुलाने स्वतःहून आजूबाजूला पाहिले, तर श्वास उतरला आहे. दुचाकीवर हेल्मेटमधून काही ऐकू येत नाही, पण पाठीला चिकटून बसलेल्या मुलाला मोठ्यांच्या छातीतले कंपन जाणवते. रिक्षाच्या खडखडाटात मात्र आवाज चढवत नेण्यापेक्षा गप्प बसलेले बरे.

विज्ञानाच्या नावाने जास्तीचे दावेही होतात. स्वीडनमधील संशोधकांनी २००२ मध्ये दाखवले की गुणगुणताना नाकातून बाहेर पडणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडचे प्रमाण शांत उच्छ्वासाच्या सुमारे १५ पट होते. हे खरे आहे, पण तो सायनसमध्ये हवा खेळण्याचा परिणाम आहे. त्याने भीती कमी होते असे त्या प्रयोगातून सिद्ध होत नाही. कॅनडातील माँट्रियल विद्यापीठातल्या प्रयोगात अनोळखी भाषेतले गाणे ऐकणारी बाळे बोलणे ऐकणाऱ्या बाळांपेक्षा जवळजवळ दुप्पट वेळ न कुरकुरता राहिली. पण ती वर्षाच्या आतली बाळे होती, शाळकरी मुले नव्हेत. चार वर्षांच्या मुलांवरच्या जर्मनीतील एका प्रयोगात एकत्र गाऊन-नाचून खेळलेल्या जोड्यांनी नंतर एकमेकांना अधिक मदत केली. एकत्र सूर धरल्याने जवळीक वाढते, इतके यातून म्हणता येते. गुणगुणण्याने बुजरे मूल बोलके होत नाही. वाटेवरची दहा-बारा मिनिटे त्याच्या शरीराला सुसह्य होतात, एवढेच.

जवळीक वाढते म्हणूनच फाटकाशी काळजी घ्यावी लागते. चाल फाटकाच्या थोडे आधी, ठरलेल्या ठिकाणी संपवावी: कोपऱ्यावरचे झाड किंवा झेरॉक्सचे दुकान. तिथून पुढे दप्तर नीट करणे, ‘डबा खाऊन झाला की मी येते’ असे एक खरे वाक्य आणि निरोप. फाटकात उभे राहून आणखी एक कडवे, आणखी एक मिठी असे लांबवले की मुलाचा रडवेला चेहरा परत येतो. उरलेली चाल त्याच्याकडेच राहते, बाकावर बसून ते मनातल्या मनात ती घोळवू शकते.

इथे शाळांचाही भाग येतो. प्रवेशोत्सवाच्या दिवशी ढोल-ताशे, फुगे, औक्षण आणि ध्वनिक्षेपकावरची गाणी असा स्वागताचा थाट अनेक शाळा करतात. बहुतेक मुलांना त्यात मजा वाटते. पण वाटेवर जेमतेम उतरलेला श्वास त्या पाचातल्या एका मुलासाठी फाटकातच पुन्हा चढतो. एक बाजूचे दार वाजंत्रीविना उघडे ठेवायला आणि तिथे एका शिक्षिकेला उभे करायला खर्च येत नाही. वर्गात गेल्यावर ‘छान गुणगुणतेस म्हणे, सगळ्यांना म्हणून दाखव’ असे म्हणणे तर टाळायलाच हवे. मुलीची एकटीची आसऱ्याची जागा त्याने कार्यक्रमाची होते आणि दुसऱ्या दिवशी ती चाल वाटेवरही निघत नाही.

पहिले काही आठवडे मूल वर्गात गप्प राहिले तर घाबरण्याचे कारण नाही. घरी मोकळे बोलणारे मूल शाळेत अजिबात बोलत नाही, असे निदान करताना डॉक्टरही शाळेचा पहिला महिना धरत नाहीत. त्यानंतरही ते शाळेत एक शब्दही काढत नसेल, लघवीला जायचे आहे हेही सांगू शकत नसेल किंवा फक्त शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखणे आठवडेच्या आठवडे चालू असेल, तर बालरोगतज्ज्ञांमार्फत बालमानसतज्ज्ञांना दाखवावे. तिथे गुणगुणणे पुरेसे नसते आणि ‘मोठे झाले की बोलेल’ म्हणत थांबण्यात वर्ष वाया जाते. बाकीच्या मुलांची चाल बहुधा जुलैच्या पावसात कधीतरी आपोआप सुटते. एके दिवशी मोठ्याने ओळ धरावी आणि मुलाने हात सोडून पुढच्या मैत्रिणीकडे धावावे. तेव्हा ती अर्धी ओळ तिथेच सोडून द्यावी.