चूक माझी, चौकट वर

गेल्या महिन्यात याच पानांवर माझा एक लेख आला होता. आज तो उघडलात तर शीर्षकाखाली आधी एक राखाडी चौकट दिसेल. तीत माझी चूक लिहिली आहे. ती चौकट लेखाच्या तळाशी टाकावी, असं मला स्वतःला वाटत होतं आणि त्यासाठी मी संपादकांशी दोन दिवस वाद घातला. वाद मी हरलो. आता वाटतं, हरलो ते बरं झालं.

लेख आपल्याच जिल्ह्यातल्या प्रकरणावर होता. 2020च्या टाळेबंदीत तबलिगी जमातीच्या परदेशी पाहुण्यांवर नगर जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यांत गुन्हे दाखल झाले. त्यांना मशिदींमध्ये आसरा दिला म्हणून काही स्थानिक लोकांवरही झाले. 21 ऑगस्ट 2020 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, म्हणजे न्या. टी. व्ही. नलावडे आणि न्या. एम. जी. सेवलीकर यांनी, 29 परदेशी नागरिकांवरचे आणि इतर अर्जदारांवरचे ते गुन्हे रद्द केले. निकालात माध्यमांनी चालवलेल्या अपप्रचारावर कडक शब्दांत टीका होती. आपल्यापैकी अनेकांनी तो परिच्छेद तेव्हा स्टेटसला ठेवला होता. मीही ठेवला होता.

माझ्या लेखात दोन वाक्यं चुकली. पहिलं वाक्य असं होतं: ‘न्यायालयाने 29 जणांची निर्दोष मुक्तता केली.’ दुसरं: ‘दोन्ही न्यायमूर्तींनी निकालातल्या प्रत्येक शब्दावर एकमुखाने शिक्कामोर्तब केलं.’

पहिली चूक मला पुणतांब्यात कळली. शनिवारी घरी गेलो होतो. जेवताना मावसभावाने विचारलं, ‘भाईजान, त्यांचा खटला किती दिवस चालला?’ मी म्हणालो, खटला चाललाच नाही. तो म्हणाला, ‘मग निर्दोष कसे सुटले?’ त्याच्यावर एका मोर्चाची केस आहे. चार वर्षं तो तारखा करतोय. माझा लेख वाचून त्याने समजूत करून घेतली होती की सुटायचं तर साक्षी-पुरावे होऊन शेवटचा निकाल लागेपर्यंत थांबावंच लागतं.

ही चूक आली ती आपल्या घरातल्या बोलीतून. आपल्याकडे कोर्टातून सुटलेला प्रत्येक जण ‘बरी’ होतो. मराठीत लिहिताना त्याचं मी सरळ ‘निर्दोष’ करून टाकलं. कायद्यात मात्र त्या तीन वेगळ्या वाटा आहेत. गुन्हा रद्द होणं म्हणजे उच्च न्यायालयाने फिर्याद आणि आरोपपत्र आहे तसं वाचून सांगणं की यातून खटला चालवण्याजोगं काही निघत नाही. दोषमुक्त होणं म्हणजे आरोप निश्चित होण्याआधीच खालच्या न्यायालयाने सोडणं. निर्दोष मुक्तता पुरावा तपासून झाल्यावर होते. तबलिगी प्रकरणातही ती झाली होती, पण दिल्लीत. साकेतच्या न्यायालयाने 15 डिसेंबर 2020 रोजी 36 परदेशी नागरिकांना खटला चालवून निर्दोष सोडलं. मी दिल्लीचा शब्द उचलून औरंगाबादला चिकटवला होता. मावसभावासाठी फरक एवढाच की, तारखा करत बसण्याऐवजी गुन्हा रद्द करून मागता येईल का, हे वकिलाला विचारायचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्या रात्री निकालपत्र पुन्हा उघडलं आणि दुसरी चूक सापडली. न्या. सेवलीकर अंतिम आदेशाशी सहमत होते, पण निकालातल्या काही निरीक्षणांशी आपण सहमत नसल्याचं त्यांनी नोंदवलं होतं. मी निकाल आवडत्या परिच्छेदापर्यंत वाचला आणि थांबलो. आपल्या बाजूचा निकाल आला की आपण असंच वाचतो.

संपादकांना लगेच कळवलं. माझा प्रस्ताव होता की दोन्ही वाक्यं गुपचूप दुरुस्त करावीत. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही रोज हेच करतो. चूक सापडली, दुरुस्त केली, नवी आवृत्ती चढवली. त्या म्हणाल्या, तुमच्याकडे प्रत्येक बदलाची नोंद राहते ना? कोणी, कधी, काय बदललं? वाचकाकडे ती कुठे आहे? मग मी तळाशी टीप देण्यावर आलो. माझं खरं कारण वेगळं होतं आणि ते मी बोलूनही दाखवलं: वर लिहिलं तर लोक त्याचा स्क्रीनशॉट फिरवतील, ‘बघा, यांनीच कबूल केलं, ते निर्दोष नव्हते.’

ही भीती खोटी नाही. पण ती चौकटीच्या जागेतून येत नाही, शब्दांतून येते. माझा पहिला मसुदा होता: ‘या लेखातील काही तांत्रिक बाबींमध्ये सुधारणा करण्यात आली आहे.’ यात काय चुकलं तेही नाही आणि बरोबर काय तेही नाही. असं मोघम वाक्यच स्क्रीनशॉटवाल्याच्या कामाचं, कारण मोकळी जागा तो आपल्या मनाने भरतो. शेवटी जे छापलं ते असं:

‘दुरुस्ती (रविवार, रात्री 9): या लेखात आधी म्हटले होते की उच्च न्यायालयाने 29 परदेशी नागरिकांची निर्दोष मुक्तता केली. ते चूक आहे. न्यायालयाने त्यांच्यावरील गुन्हेच रद्द केले. खटला चालला नाही. तसेच दोन्ही न्यायमूर्ती प्रत्येक निरीक्षणावर एकमत होते, हे विधानही चूक आहे. न्या. सेवलीकर आदेशाशी सहमत होते, काही निरीक्षणांशी नव्हते. मजकुरात बदल केला आहे. या दुसऱ्या विधानावर आधारलेला एक परिच्छेद काढला आहे.’

‘गुन्हेच रद्द केले’ हे शब्द चौकटीतच असल्यामुळे तिचा स्क्रीनशॉट कोणी फिरवला तरी बरोबर माहितीच फिरते. चुकीचं विधान एकदाच आलंय आणि लगेच त्याच्यापुढे ‘ते चूक आहे’ आलंय. शेवटचं वाक्य मला सगळ्यात जड गेलं. न्यायमूर्तींच्या एकमतावर मी अख्खा परिच्छेद रचला होता, आणि पाया गेल्यावर तो नुसता शब्द बदलून उभा राहिला नसता. अख्खा लेखच तशा एका विधानावर उभा असता, तर चौकट पुरली नसती. लेख मागे घ्यावा लागला असता. मासिक दोन भाषांत निघतं, म्हणून हीच चौकट दुसऱ्या भाषेतल्या लेखावरही गेली. तिथे तर चूक शीर्षकातच होती.

आता जागेचं. हे मला माझ्या धंद्यामुळे आधीच कळायला हवं होतं. आपण व्हॉट्सअॅपवर दुवा पाठवतो तेव्हा शीर्षक आणि चित्राचं जे छोटं कार्ड दिसतं, ते पाठवणाऱ्याच्या फोनवर त्या क्षणी तयार होतं आणि संदेशासोबतच जातं. नंतर आम्ही शीर्षक बदललं तरी आधी गेलेल्या कार्डांवर जुनंच राहतं. म्हणजे माझं चुकीचं शीर्षक शुक्रवारपासून कितीतरी ग्रुपांत बसलेलं होतं, आणि तिथून येणारा माणूस ‘निर्दोष’ हा शब्द डोक्यात घेऊनच लेखात शिरणार होता. त्याला शांतपणे ‘रद्द’ वाचायला दिलं तर तो दोन्ही शब्द एकच समजून पुढे जाईल. त्याला दारातच थांबवायला हवं. तळाची टीप त्याच्यासाठी आहे, जो शेवटपर्यंत वाचतो. चुकीची बातमी पुढे पाठवणारा सहसा तो नसतो. आणि जो कार्डच पाहतो, दुवा उघडत नाही, त्याच्यापर्यंत वरची चौकटही पोचत नाही. म्हणून दुरुस्ती मी त्याच ग्रुपांत पुन्हा पाठवली. दोन ठिकाणी अंगठा मिळाला, एका ठिकाणी शांतता.

प्रत्येक बदलाला चौकट लागत नाही. शुद्धलेखनाला नाही. आणि नंतर घडलेल्या घटनेलाही नाही. तिथे ‘ताजी माहिती’ म्हणायचं. यातला फरक आमच्या गावाने पाहिलाय. 1 जून 2017ला पुणतांब्यातून शेतकरी संप सुरू झाला. 3 जूनच्या पहाटे मुंबईत मुख्यमंत्री फडणवीसांबरोबरच्या बैठकीनंतर संप मागे घेतल्याची घोषणा झाली. ती अनेक शेतकऱ्यांनी मानली नाही आणि 5 जूनला महाराष्ट्र बंद झाला. त्या पहाटे कोणी ‘मागे घेतल्याची घोषणा’ लिहिलं असेल तर ते बरोबरच होतं. पुढचं नुसतं जोडायचं. पण ‘संप संपला’ लिहिलं असेल तर ती चूक, आणि तिला ‘ताजी माहिती’ची टोपी घालणं म्हणजे लपवणं.

उशिराचीही किंमत असते. 10 सप्टेंबर 2008 रोजी टाइम्स नाऊ वाहिनीने गाझियाबादच्या भविष्य निर्वाह निधी घोटाळ्याच्या बातमीत न्या. पी. के. सामंता यांच्याऐवजी न्या. पी. बी. सावंत यांचा फोटो दाखवला, सुमारे 15 सेकंद. नावातल्या सारखेपणाची चूक. कळवल्यावर फोटो थांबला, पण चूक झाली असं वाहिनीने लगेच सांगितलं नाही. सावंतांनी 15 तारखेला पत्र लिहिलं आणि पडद्यावर दुरुस्तीची पट्टी 23 तारखेपासून फिरू लागली. पुण्याच्या न्यायालयाने 2011मध्ये 100 कोटींची भरपाई ठोठावली. ती रक्कम मला अवाजवी वाटते. अशा आकड्याने छोटं मासिक एका दिवसात बंद पडेल आणि चूक कबूल करायला कोणी धजणार नाही. पण फोटो थांबवणं आणि चूक सांगणं यांच्यातले ते 13 दिवस मला महत्त्वाचे वाटतात. गुपचूप बदललेलं माझं वाक्य म्हणजे तो थांबवलेला फोटोच झाला असता. सावंत स्वतः भारतीय प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष राहिले होते, आणि कौन्सिलचे संकेत सांगतात की चूक लक्षात आल्यावर वृत्तपत्राने आपणहून, तत्परतेने आणि पुरेशा ठळकपणे दुरुस्ती छापावी. ठळकपणे या शब्दाची लेखातली जागा मला शीर्षकाखालीच दिसते.

काहींनी मला लिहिलं की आपल्याविरुद्ध इतकं खोटं छापलं गेलं, त्यांनी कुठे चौकटी टाकल्या? खरं आहे. पण माझ्या चुकीच्या वाक्याने त्यांच्यापैकी कोणाचंच काही बिघडलं नव्हतं. बिघडलं असतं ते मावसभावाचं.

तो आता वकिलाला भेटून आलाय. वकिलाने कागद मागितलेत, आशा फार दाखवलेली नाही. परवा पुण्याला परतताना पुणतांबा स्टेशनवर गाडीची वाट बघत होतो, तेव्हा लांबच्या एका ग्रुपातून माझंच जुनं कार्ड परत माझ्याकडे आलं, ‘निर्दोष’वालं, पुढे तीन हिरवी हृदयं. दुवा उघडला. आधी चौकट आली. ती चिकटवून पाठवली आणि गाडी आली.